जाहिरातीचा रोजचा भाव

आमच्या ऑफिसात सकाळी चहाच्या आधी भाव येतो. केळीचा नव्हे, तो तर साऱ्या रावेर तालुक्याला येतोच. हा जाहिरातीचा भाव. शब्द जीवरामभाऊंचा, आणि या शब्दाने आमचं वाटोळं केलं हे मी त्यांच्या तोंडावरसुद्धा म्हणेन. म्हटलंही आहे.

आधी धंदा सांगते. जीवरामभाऊ आमचे मालक. रावेरकडचे बागायतदार, केळीच्या पॅकिंगचं मोठं शेड, आणि जळगावच्या बाहेर टिश्यू कल्चर रोपांची लॅब. जूनच्या लागणीसाठी रोपांची बुकिंगं जानेवारीपासून सुरू होतात. जाहिरातीचं सगळं काम मी बघते, मी म्हणजे दिपमाला. माहेर पिंपळनेर, सासर जळगाव, आणि डोकं लवकर तापतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पूर्वी आम्ही भिंती रंगवायचो, आता मोबाइलवर फिल्म दाखवतो. शेतकरी फिल्म बघतो, आपला नंबर सोडतो, आमच्या मुली त्याला फोन करतात, तो चार दिवस घरात बोलतो, आणि पटलं तर टोकन भरतो. ते झालं बुकिंग. जाहिरातीला जेवढा पैसा गेला त्याला बुकिंगच्या संख्येने भागायचं, म्हणजे एक गिऱ्हाईक कितीला पडलं ते कळतं. बाराशेच्या आत पडलं तर धंदा, वर गेलं तर खिशातून. एवढं साधं आहे हे.

भाऊंनी याला भाव म्हणायला सुरुवात केली आणि घोळ तिथेच झाला. केळीवाल्या माणसाचा जन्म रोजच्या भावात जातो. सकाळी भाव फुटला की माल कापायचा की थांबवायचा हे ठरतं, आणि त्यात काही चूक नाही, कारण आजच्या केळीला आजच पैसे मिळतात. तशीच सवय त्यांनी जाहिरातीला लावली. त्यांचा पुतण्या हेमराज रोज सकाळी ग्रुपवर दोन आकडे टाकायचा: काल रावेर कितीला, काल धुळे कितीला. आकडा लहान असला की भाऊंचा अंगठा. मोठा असला की माझा फोन वाजलाच म्हणून समजा.

आमच्या दोन जाहिराती चालतात. एक रावेर-यावल पट्ट्यात, एक धुळे जिल्ह्यात, शिरपूरपासून साक्रीपर्यंत. दोन्हींना रोजचे चार-चार हजार. रावेरचा शेतकरी आमचा शेजारीच, मनात आलं की गाडीला किक मारून शेडवर येतो आणि टोकन भरून जातो. त्यामुळे तिथे रोज चार, रोज पाच, कधी सहा. धुळ्याचं तसं नाही. तिकडचा माणूस पैसे देणार तर त्याच्या ओळखीच्या कृषी केंद्रवाल्याच्या हातात. तो दुकानदार पावत्या गोळा करतो आणि बाजाराच्या दिवशी माणसाबरोबर आमच्या धुळ्याच्या डेस्कवर पाठवतो. म्हणजे दोन-तीन दिवस शुकशुकाट, मग एकदम अकरा, मग पुन्हा शुकशुकाट, मग एकदम अठरा.

हे धुळ्याचं डेस्क म्हणजे तीन बायका आणि एक खोली. बस स्टँडपासून जवळ, खाली झेरॉक्सचं दुकान. त्यातली मुख्य मोहिनी. पस्तिशीची, शिंदखेड्याकडची, फोनवर बसली की समोरचा अहिराणीतून आधी आपल्या म्हशीचं सांगतो आणि मग रोपांचं. सगळ्या दुकानदारांची नावं, त्यांच्या पोरांच्या परीक्षा, कोणाकडे लग्न आहे, सगळं तिला पाठ. अख्खा धुळे जिल्हा आमच्याशी तिच्या तोंडून बोलायचा असं म्हटलं तरी चालेल.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी हेमराजने ग्रुपवर लिहिलं की धुळ्याची जाहिरात महिनाअखेर बंद, डेस्कही बंद. खाली कारण: धुळ्याचं गिऱ्हाईक आठवड्याच्या सरासरीने दोन हजार सहाशे पंचावन्नला पडतंय, रावेरचं आठशे सत्तावन्नला. त्याखाली भाऊंचा अंगठा. मी चहाचा कप तसाच ठेवला आणि हेमराजच्या टेबलावर गेले.

पोरगा वाईट नाही, हे आधीच सांगते. पण त्याने काय केलं होतं ऐका. धुळ्याची त्या आठवड्यातली बुकिंगं अशी: शून्य, शून्य, अकरा, एक, शून्य, दोन, अठरा. शून्याने भागता येत नाही, म्हणून शून्याच्या दिवशी त्याने सगळे चार हजार लिहिले. एकाच्या दिवशीही चार हजार. अकराच्या दिवशी तीनशे चौसष्ट, अठराच्या दिवशी दोनशे बावीस. आणि मग या सात भावांची बेरीज करून सातने भागलं. म्हणजे ज्या दिवशी अठरा माणसं आली तो दिवस आणि ज्या दिवशी कुत्रंसुद्धा फिरकलं नाही तो दिवस, दोघांचं वजन सारखं. अहो, आठवड्यात अठ्ठावीस हजार गेले आणि बत्तीस बुकिंगं आली. अठ्ठावीस हजार भागिले बत्तीस, आठशे पंच्याहत्तर. रावेरला त्याच पैशात तेहतीस आली. एका बुकिंगचा फरक होता, एका.

मी त्याला हे कागदावर मांडून दाखवलं. तो म्हणाला, ताई, पण धुळ्याचा ग्राफ बघा ना कसा नाचतोय. बिझनेसमध्ये स्थिरता पाहिजे. मला सांगा, नाचतोय म्हणून महाग कसा झाला? माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. तिघींच्या पोटावर पाय देताना याला भागाकारसुद्धा नीट करावासा वाटला नाही. मी त्याच दुपारची रावेरची बस धरली.

भाऊ शेडमध्ये होते. ट्रक भरत होता, खोकी चढत होती. मी घामाघूम, आणि ते खुर्चीवर बसून शांतपणे केळी सोलत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले:

"आजचा भाव तो आजचा भाव, दिपमाला. उद्या बरा होईल म्हणून मी आजचं नुकसान बघत नाही."

"भाऊ, हा भावच नाहीये."

मी सांगितलं की सोमवारी मी जाहिरातीला पैसा घालते, त्या दिवशी फिल्म बघणारा माणूस टोकन भरतो रविवारी. सोमवारच्या पैशाला सोमवारच्या बुकिंगने भागलं तर एकीचा नवरा दुसरीच्या मांडवात बसवल्यासारखं होतं. त्यात धुळ्याच्या पावत्या बाजाराच्या दिवशी येणार. एका दिवसाच्या आकड्याला काही अर्थच नाही. आठवड्याचा सगळा पैसा एकीकडे, आठवड्याची सगळी बुकिंगं दुसरीकडे, आणि तेही एका आठवड्यावर उडी मारायची नाही, चार आठवडे शेजारी ठेवून बघायचे. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना, तेव्हा मी त्यांच्याच धंद्यात शिरले. बागेची रास कशी काढता ते विचारलं. रास म्हणजे घडाचं सरासरी वजन. सगळ्यांत मोठा घड बघून काढता की सगळ्यांत बारका बघून?

ते हसले. म्हणाले, सगळं वजन करायचं आणि घडांच्या संख्येने भागायचं, एवढा काय मी नादान आहे. मी म्हटलं, मग हेमराज एकेका दिवसाचा भाव काढून त्या भावांची सरासरी काढतोय. भाऊंच्या हातातली केळी थांबली. त्यांना कळलं, मी डोळ्यांनी बघितलं त्यांना कळलं ते. पण घरच्या पोराला चारचौघांत चूक कसं म्हणणार? ते म्हणाले, हेमराजलाही काही समजत असेल ना. बरं, तुझ्या शब्दाखातर मार्चअखेरपर्यंत ठेवू, पण धुळ्याचा रोजचा आकडा सुधारलेला दिसला पाहिजे.

रोजचा. एवढं घसा फोडून सांगितल्यावर पुन्हा रोजचा. बसमध्ये बसून मी मोहिनीला फोन केला आणि जे मनात होतं ते सगळं ओकले. म्हटलं, बाई, यांना गिऱ्हाईक नको, यांना रोज सकाळी गुळगुळीत आकडा हवाय. ती मग म्हणाली, बरं ताई, बघते मी.

पुढच्याच आठवड्यापासून धुळं सुधारलं. काल पाच, आज चार, परवा पाच. आठशे, हजार, आठशे. ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली, हेमराजने धुळ्यासाठी फटाक्यांचं चित्र टाकलं, भाऊंनी लिहिलं की लक्ष ठेवलं की सुधारणा होते. मलाही पहिले चार-पाच दिवस बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मी माझी आठवड्याची बेरीज काढली. एकतीस. त्याच्या पुढच्या आठवड्यात तेहतीस. त्याआधीच्या आठवड्यांत तीस, बत्तीस, एकतीस होतीच की. एकही गिऱ्हाईक वाढलं नव्हतं, फक्त शून्यं नाहीशी झाली होती. तिकडचे बाजार बदलले नाहीत, दुकानदार बदलले नाहीत, मग पावत्या रोज चार-पाच अशा शिस्तीत कशा यायला लागल्या? जास्त वर-खाली झालं की सगळे दचकतात. मला त्या दिवशी अजिबात वर-खाली न होण्याने घाम फुटला.

मी दुसऱ्या दिवशी धुळ्याला गेले. मोहिनीने बाकीच्या दोघींना खाली चहाला पाठवलं आणि काही आढेवेढे न घेता सांगितलं. बाजाराच्या दिवशी अठरा पावत्या आल्या की ती त्या दिवशी चारच नोंदवायची. उरलेल्या ड्रॉवरमध्ये, रोज चार-पाच काढायची. म्हणाली, ताई, एकही खोटी नाही, एकही जास्तीची नाही. त्यांना गुळगुळीत पाहिजे होतं, मी गुळगुळीत दिलं.

मला तिला रागवायचं होतं आणि राग मात्र दुसऱ्यांचाच येत होता. तरी मी रागावले, कारण यात एक खरी भानगड होती. रोपांची बॅच नोंदीच्या तारखेप्रमाणे लागते. ज्याची पावती ड्रॉवरमध्ये झोपली त्याचा नंबर मागे गेला. साक्रीकडचा धनसिंग नावाचा एक शेतकरी टोकन भरून बसला होता आणि त्याला जूनच्या पहिल्या बॅचऐवजी दुसरी बॅच लागली होती. त्याने दुकानदाराला झापलं, दुकानदाराने मोहिनीला. हे सांगताना तिचा आवाज पडला. म्हणाली, ते माझं चुकलं, तेवढं मला झोपू देत नाही. मी म्हटलं, उद्यापासून आल्या तशा नोंद. ती म्हणाली, नोंदते, पण उद्या शून्य आहे, परवाही शून्य आहे, आणि परवा सकाळी हेमराजभाऊ आमचं डेस्क बंद करणार. मग तुम्ही काय कराल?

मी काय करणार? मी तिला म्हटलं, चल, भाऊंकडे जाऊ, दोघी जाऊ.

जळगावच्या ऑफिसात बैठक लागली. भाऊ, हेमराज, मी आणि मोहिनी. हेमराजने सुरुवातीलाच भिंतीवर धुळ्याचा ग्राफ लावला. आधीचा डोंगरदऱ्यांचा, नंतरचा सपाट. म्हणाला, रोज लक्ष ठेवलं, रोज जाब विचारला, म्हणून हे झालं. मोहिनीताईंचं अभिनंदन. मोहिनी उभी राहिली. 

"भाऊ, सुधारलं काहीच नाही. मी पावत्या अडवून ठेवत होते आणि रोज थोड्या थोड्या सोडत होते. आठवड्याला जेवढी गिऱ्हाइकं आधी येत होती तेवढीच आताही येताहेत."

 तेवढ्यात मी माझा कागद पुढे केला, कारण मला ठाऊक होतं की थांबले तर सगळं मोहिनीवर शेकणार. धुळ्याचे आठवडे एकाखाली एक: तीस, बत्तीस, एकतीस, एकतीस, तेहतीस. याच्यात चढ नाही, उतार नाही, साधारण नऊशेला एक गिऱ्हाईक, बाराशेच्या कितीतरी आत. मग म्हटलं, आता रावेर बघा, ज्याचा ग्राफ कधी नाचत नाही म्हणून सगळे खूश आहेत. छत्तीस, चौतीस, तेहतीस, एकतीस, एकोणतीस, सत्तावीस. सातशे अठ्ठ्याहत्तरवरून हजाराच्या वर गेलंय. एखाद्या आठवड्यात दोन कमी आली तर मी ढुंकून बघत नाही, तेवढं होतंच. पण सलग सहा आठवडे दर वेळी आधीच्यापेक्षा कमी, आणि नंबर सोडणारी माणसंही त्याच प्रमाणात घटलेली, त्याला घसरण म्हणतात. तीच फिल्म त्याच लोकांना महिनाभर दाखवली, ज्याला रोपं घ्यायची त्याने घेतली, बाकीचे बघून बघून विटले. रोजच्या आकड्यात हे दिसलं नाही, कारण कालचे चार आणि आजचे चार, कुणाला काय वाटणार? उलट शेवटच्या आठवड्यात एका दिवशी सहा आली तर तुम्ही सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

भाऊंनी कागद जवळ ओढून घेतला. बोटाने प्रत्येक आकड्यावरून गेले. ते हिशेबाला पक्के आहेत, हेही सांगायला हवं. त्यांनी हेमराजला एवढंच म्हटलं की रावेरची फिल्म बदल, आणि उद्यापासून ग्रुपवर रोजचा आकडा टाकायचा नाही, दर सोमवारी दिपमाला आठवड्याचा टाकेल. झालं. महिनाभर पैसा गळत होता त्याबद्दल हेमराजला बोल नाही, ओरडा नाही.

मग त्यांनी मोहिनीकडे बघितलं. डेस्क राहील, म्हणाले. जाहिरात राहील. पण शेतकऱ्याची पावती अडवणारा माणूस मला कंपनीत चालणार नाही, महिन्याचा पगार घे आणि जा.

 मी म्हटलं, भाऊ, तिने केलं ते चूकच. धनसिंगला पहिल्या बॅचमध्ये घ्या, तिची पगारवाढ कापा, काय वाटेल ते करा. पण तिला लबाडी करायला कुणी लावलं? खरा आकडा दिला की खोली बंद करणार होतात तुम्ही. तिने तुम्हाला हवा तो दिला तर अभिनंदन. तिने खरं सांगितलं तर घरी. यातून बाकीच्यांनी काय शिकायचं? भाऊंचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, आवाज खाली. मी आवाज खाली केला नाही. मोहिनीनेच माझा दंड धरला आणि मला बाहेर नेलं. जिन्यात ती म्हणाली, जाऊ द्या ताई, त्या दोघींचं तरी राहिलं. तिला मी धुळ्याच्या बसमध्ये बसवून दिलं आणि स्टँडवरच रडले, चांगली हमसून रडले.

राजीनामा का नाही दिला, असं माझ्या नवऱ्याने विचारलं. त्या दोघींचं नाव पुढे करून मी त्याला गप्प केलं.

मोहिनीच्या जागी हेमराजने एक नवीन मुलगी घेतली. चुणचुणीत होती, मराठी शुद्ध, फोनवर बोलायची ते लिहून दिलेलं जसंच्या तसं. दर सोमवारी मी आकडा टाकू लागले. धुळे, पहिला आठवडा, एकवीस. भाऊंचा फोन आला नाही, माझं मला बरं वाटलं, म्हटलं माणूस शिकला. दुसरा आठवडा एकोणीस. तिसरा वीस. चौथा अठरा.

चौथ्या सोमवारी भाऊ स्वतः ऑफिसात आले. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि समजूतदारपणे म्हणाले, "एवढं तोंड पाडू नको. तूच म्हणते ना, वर-खाली व्हायचंच. अजून दोन-चार आठवडे बघू."

माझं डोकं असं सटकलं की विचारू नका. इतके दिवस घसा कोरडा केला तेव्हा एका दिवसाच्या शून्याला घाबरले, आणि आता चार आठवडे डोळ्यांसमोर पडलेत तर म्हणे वर-खाली. वर-खाली म्हणजे एक आठवडा एकतीस, एक तेहतीस, एक तीस. तीसच्या आसपास असलेलं चारही आठवडे विसाच्या आसपास बसलं, एकदाही वर डोकं काढलं नाही, तर ते वर-खाली नसतं. मी त्यांना आणखी एक दाखवलं. फिल्म बघून नंबर सोडणारी माणसं अगदी पूर्वीइतकीच, दर आठवड्याला तेवढीच, तेवढ्याच पैशात. म्हणजे जाहिरात बिघडली नाही, शेतकरी रुसला नाही, हंगाम सरला नाही. नंबर आल्यापासून टोकन भरेपर्यंत मध्ये जे होतं तेच तुटलंय.

"आणि मध्ये काय होतं, भाऊ? मोहिनी होती."

भाऊंनी मग खिशातून फोन काढला आणि माझ्याकडून नंबर घेऊन तिला लावला. स्पीकरवर ठेवला, बहुतेक मला दाखवायला. त्यांनी म्हटलं, बाई, झालं गेलं विसर, उद्यापासून ये. पलीकडून गर्दीचा आवाज येत होता, कुणीतरी अहिराणीत रोपांचा भाव विचारत होतं. मोहिनी म्हणाली, "मना राग नही शे, भाऊ. पण मी आता दुसऱ्या रोपवाटिकेत लागले, महिना होत आला." आणि अदबीने राम राम म्हणून तिने फोन ठेवला.

म्हणजे दुकानदारांच्या पावत्या कुठे जात होत्या हे दोघांनाही कळलं.  मग भाऊंनी विचारलं, चार आठवड्यांचं मिळून कितीला पडतंय.

एक लाख बारा हजार, अठ्ठ्याहत्तर बुकिंगं. मी म्हटलं, चौदाशे छत्तीसला.

"मग? बंद करायची का धुळ्याची जाहिरात?"

ज्या जाहिरातीसाठी मी भर उन्हात रावेरला धावले, ज्या खोलीसाठी भांडले, तिच्याबद्दल हा प्रश्न शेवटी मलाच आला. मला नाही म्हणायचं होतं. पण चार आठवडे शेजारी ठेवून बघायचे हे मीच शिकवलं होतं, आणि ते चारही आठवडे बाराशेच्या वर होते. मोहिनीबरोबरच्या त्या दोघी अजून धुळ्याच्या त्या खोलीत फोन लावत बसल्या होत्या. मी म्हटलं, हो भाऊ, आता बंद करायला हवी.

ते उठून गेले. मी कॉम्प्युटर उघडला आणि धुळ्याची जाहिरात माझ्या हाताने बंद केली.